लाल दिवा लागला की हातात किती वेळ असतो?

माण, खटाव, जत, आटपाडी या भागात उन्हाळा हाच खोदाईच्या मशीनचा हंगाम. पाऊस पडायच्या आत ओढे खोल करायचे, विहिरींचा गाळ काढायचा, शेततळी उरकायची. 2016 साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कपमध्ये कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव पहिलं आलं. ती स्पर्धा ऐन उन्हाळ्यातली होती. श्रमदानाच्या जोडीला गावोगावच्या ओढ्यांत मशीन उतरली, ती नेमकी ऊन सगळ्यांत कडक असताना. आजही तसंच चालतं. ताशी हजार-बाराशेच्या घरातलं भाडं, मशीनचा हप्ता, आणि आठ दिवसांवर आलेला वळीव. अशा वेळी डॅशबोर्डवर दिवा लागला की ऑपरेटर फोन लावतो.

"मालक, लाल लाईट लागलीय."

"कसली?"

"थर्मामीटरचं चित्र हाय."

"तापलं असंल. दोनच ट्रिपा राहिल्यात न्हवं? उरका आणि मग बंद करा."

हे उत्तर निष्काळजीपणाचं वाटतं, पण त्यामागे एक समज आहे: दिवा म्हणजे इशारा, आणि इशारा म्हणजे अजून वेळ आहे. काही दिव्यांच्या बाबतीत ही समज थोडीफार खरी आहे. एका दिव्याच्या बाबतीत ती साफ खोटी आहे. हायड्रोलिक ऑईल तापल्याचा दिवा आणि इंजिन थांबवण्याचा दिवा या दोघांत फरक आहे तो हाच. पहिल्यात हातात थोडी मिनिटं असतात. दुसऱ्यात ती आधीच संपलेली असतात.

आधी थांबवण्याच्या दिव्याचं बघू. त्याच्या पोटात दोन-तीन कारणं दडलेली असतात. त्यातलं सगळ्यांत वाईट कारण म्हणजे इंजिन ऑईलचं प्रेशर. जुन्या मशीनवर त्याचा वेगळा दिवा असतो, तेलाच्या किटलीच्या चित्राचा. नव्या मशीनवर तो एकटा लागत नाही. सोबत STOP असं लिहिलेला लाल दिवा लागतो आणि बझर वाजतो.

इंजिनातला क्रँकशाफ्ट बेअरिंगवर टेकलेला नसतो, ऑईलच्या पातळ थरावर तरंगत असतो. शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. पंप त्या फटीत सतत ऑईल कोंबत राहतो, म्हणून धातूला धातू लागत नाही. खोदकामात इंजिन 2200 च्या आसपास फिरत असतं, म्हणजे दर सेकंदाला छत्तीस-सदतीस फेरे. ढोबळ हिशोबाने शाफ्टचा पृष्ठभाग बेअरिंगवरून सेकंदाला आठेक मीटर सरकतो, आणि वर पिस्टनचा दाब असतोच. ऑईलचा थर गेला की बेअरिंगच्या आतलं मऊ अस्तर घासून वितळायला लागतं. वितळलेला धातू ऑईलच्या भोकात जाऊन बसतो, पुढच्या बेअरिंगचं ऑईलही तुटतं. मेकॅनिक ज्याला 'बेअरिंग फिरलं' म्हणतात ते यानंतरचं. टर्बोची अवस्था आणखी नाजूक. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो आणि तोही ऑईलवरच तरंगतो.

बऱ्याच साध्या इंजिनांवर प्रेशरचा दिवा एका स्विचवर चालतो. हा स्विच प्रेशर अगदीच पडल्यावर, साधारण अर्ध्या बारच्या आसपास, जोडला जातो. गरम इंजिन कामाच्या वेगावर असताना तिथे तीन ते पाच बार असायला हवेत. म्हणजे प्रेशर पाचावरून तीनावर, तीनावरून एकावर घसरत गेलं, तोवर दिवा गप्प होता. तो लागला तेव्हा थर आधीच तुटलेला आहे. नव्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात सेन्सर असतो, तो आकडा मोजतो आणि वेगाप्रमाणे किती प्रेशर हवं हेही त्याला ठाऊक असतं, म्हणून तो जरा लवकर बोलतो. तरीही लाल दिवा आणि बझर एकदम आले, तर अर्थ तोच.

म्हणून ऑईल प्रेशरच्या दिव्याला 'दोन ट्रिपा' तर सोडाच, दोन मिनिटांचं आयडलिंगही चालत नाही. इथे आपल्या ऑपरेटरची एक चांगली सवय आडवी येते. टर्बोचं इंजिन काम संपल्यावर लगेच बंद करू नये, दोन-तीन मिनिटं हळू चालवून मग बंद करावं, हे कंपनीचे लोक प्रत्येकाला शिकवतात आणि ते बरोबरच आहे. पण तो नियम निरोगी इंजिनाचा. त्यामागची कल्पना अशी, की त्या दोन मिनिटांत ऑईल टर्बोतून फिरून त्याची उष्णता बाहेर काढेल. ऑईलच येत नसेल तर त्या दोन मिनिटांत टर्बो थंड होत नाही, कोरडा फिरतो. बकेट हवेत असेल तर खाली टेकवायला दोन-तीन सेकंद घ्यावेत, तेही शक्य असेल तर. मशीन रस्त्यावर धावत असेल तर बाजूला घेऊन थांबवायला लागतील तेवढेच. मग चावी मागे. जुन्या इंजिनात चावीने डिझेल तुटत नाही, स्टॉपची दांडी ओढावी लागते. ती कुठे आहे हे नव्या ऑपरेटरला पहिल्याच दिवशी दाखवून ठेवावं.

याच दिव्याची एक फसवी तऱ्हा ओढ्याच्या कामात हटकून दिसते. मशीन काठाच्या उतारावर, मागची बाजू खाली आणि बोनेट वर असं उभं असतं. चेंबरमधलं ऑईल एका टोकाला जमतं आणि पंपाचं तोंड मधूनच उघडं पडतं. किटलीचा दिवा क्षणभर लुकलुकतो, मशीन सपाटीला आलं की विझतो. ऑपरेटर म्हणतो, वायर लूज आहे. बहुतेक वेळा वायर ठीक असते, ऑईल दीड-दोन लिटर कमी असतं. सपाटीवर तेवढी तूट झाकली जाते, उतारावर उघडी पडते. पंपाने प्रत्येक वेळी थोडी हवा ओढलेली असते. लुकलुक दिसली की त्याच घटकेला बंद करावं. चढउतारावरून हलवायचंच असेल तर आधी ऑईल बघून, भरून मगच. पट्टी ओढायचीही रीत आहे. मशीन सपाट जागी हवं आणि इंजिन बंद करून दहा मिनिटं तरी गेलेली हवीत, म्हणजे वर गेलेलं ऑईल चेंबरमध्ये उतरतं. पट्टीवरचं ऑईल दुधाळ असेल तर त्यात पाणी आलं आहे. फार पातळ झालं असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर डिझेल मिसळलं आहे. दोन्ही वेळेला ऑईल पातळीला बरोबर दिसलं तरी इंजिन चालू करायचं नाही.

आता थर्मामीटरच्या चित्राकडे येऊ. पहिला गोंधळ इथेच होतो, कारण डॅशबोर्डवर थर्मामीटर एकच नसतं. इंजिनाच्या आकृतीसोबतचं थर्मामीटर म्हणजे कूलंट तापलं. गिअरसोबतचं म्हणजे ट्रान्समिशनचं ऑईल. बकेट-बूमचं काम करणाऱ्या ऑईलचं चित्र वेगळं असतं. प्रत्येक मॉडेलवर सगळे दिवे असतीलच असं नाही. आपल्या मशीनवर कुठलं चित्र कशाचं, हे मॅन्युअलच्या पहिल्या काही पानांत असतं आणि ती पानं सीटमागच्या पिशवीत कोरी करकरीत पडलेली असतात.

हायड्रोलिक ऑईल तापतं कशाने? उन्हाने थोडंसं, पण मुख्यतः वाया गेलेल्या ताकदीने. ऑईलने बकेट हलवली तर ताकद कामात गेली. बकेट कातळात अडकली आणि ऑपरेटरने लिव्हर धरूनच ठेवला, तर ऑईल रिलीफ व्हॉल्व्ह उघडून टाकीत परत जातं, आणि पंपाने त्यात भरलेली सगळी ताकद उष्णता होऊन बसते. हिशोब करून बघू. पंप मिनिटाला 100 लिटर ऑईल ढकलतो आणि रिलीफ 200 बारला उघडतो असं धरलं, तर त्या वेळी 33 किलोवॉट उष्णता ऑईलमध्ये जाते. घरातले तीन किलोवॉटचे अकरा गीझर एकदम लावल्यासारखं. सगळ्या यंत्रणेत मिळून शंभरेक लिटर ऑईल असेल तर कूलरने काहीच काढून घेतलं नाही असं मानून ते मिनिटाला बारा अंशांनी चढतं. प्रत्यक्षात लिव्हर पूर्ण मिनिट कोणी धरत नाही आणि कूलरही काम करत असतो. पण दर बकेटला चार-पाच सेकंद धरायची सवय असेल तर दिवसभरात त्याची बेरीज होते.

त्यात ब्रेकर जोडला की गणित आणखी बिघडतं. सातारा-सांगलीच्या विहिरी म्हणजे मुरमाच्या खाली काळा कातळ. ब्रेकरला ऑईल सलग लागतं, बकेटसारखी मध्ये उसंत नसते. त्याच्या धक्क्यातला बराच भाग उष्णता होऊन परत येतो. दगड फुटेना म्हणून एकाच जागी मिनिटभर ठोकत राहिलं तर टोकही तापतं आणि ऑईलही. पंधरा-वीस सेकंदांत तडा गेला नाही तर जागा बदलावी, असं जाणते ऑपरेटर करतातच.

ऑईल तापल्याने नेमकं काय बिघडतं? ते पातळ होतं. 68 नंबरचं ऑईल म्हणजे 40 अंशाला त्याचा दाटपणा 68. तेच ऑईल 100 अंशाला जेमतेम नऊच्या आसपास उरतं. काम करताना हायड्रोलिक ऑईल 50 ते 80 अंशांत असावं, हा साधारण अंदाज. त्याच्या वर गेलं की पंपातल्या, व्हॉल्व्हमधल्या बारीक फटींतून ते मागे गळायला लागतं. बूम मंद होतो, उचललेली बकेट हळूहळू खाली येते. ऑपरेटर म्हणतो, 'मशीन ओढत नाही', आणि रेस वाढवतो. रेस वाढली की पंप जास्त ऑईल फिरवतो, जास्त गळती, जास्त उष्णता. पंपाला दुसरं वंगण नसतं. ज्या ऑईलला तो ढकलतो तेच त्याचं वंगण, आणि तेच पातळ झालेलं असतं. सिलिंडरमधली नेहमीची सीलं 100 अंशांच्या आसपास कडक होऊन चिरायला लागतात. ती त्या दिवशी गळत नाहीत, पंधरा दिवसांनी गळतात. म्हणून दिव्याचा आणि गळतीचा संबंध कोणी लावत नाही. ऑईलचंही तसंच. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की ते खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. काळपट आणि जळका वास येणारं ऑईल दिसलं तर मशीन पूर्वी कधीतरी तापत राहिलं होतं असं खुशाल समजावं. जुनं मशीन विकत घेताना टाकीचं झाकण उघडून वास घ्यायचा तो यासाठीच.

मग हा दिवा लागल्यावर करायचं काय? दिवा एकटाच असेल, बझर नसेल, STOP नसेल, तर आधी लिव्हर सोडायचा. ब्रेकर बंद, बकेट आणि बूम जमिनीवर, रेस कमी. आता फॅन फिरतो आहे का आणि कुठे ऑईल उडतं आहे का, हे बघायचं. फॅन नीट फिरत असेल आणि गळती नसेल, तर बरीच मॅन्युअलं काही मिनिटं बिनलोड, हळू आयडलवर ठेवायला सांगतात, कारण त्याने ऑईल कूलरमधून फिरत राहून थंड होतं. तीन-चार मिनिटांत दिवा विझला तर कारण बहुधा कामाच्या पद्धतीत किंवा कूलरच्या घाणीत आहे. विझला नाही, किंवा फॅन थांबलेला आहे, पट्टा तुटला आहे, पाईप गळतो आहे, तर बंद. तापलेल्या ऑईलची चिळकांडी सायलेन्सरवर उडाली तर आग लागायला वेळ लागत नाही. फुटका पाईप हाताने चाचपायचा नाही. सुईच्या भोकातून येणारं ऑईल कातडीतून आत घुसतं आणि पहिल्या दिवशी नुसता टिपका दिसतो. पुठ्ठा धरून बघावं, आणि टोचलंच तर मलमपट्टीवर न भागवता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जावं.

कूलंटचा दिवा या दोघांच्या मधला. फॅन आणि पाण्याचा पंप चालू असेल तर बिनलोड हळू चालवल्याने तापमान खाली येतं. पण पुष्कळ इंजिनांत पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर एकाच पट्ट्यावर असतात, म्हणून कूलंटच्या दिव्याबरोबर बॅटरीचा दिवाही लागला तर पट्टा गेला असं समजून तिथल्या तिथे बंद करावं. दुसरी खोड अशी, की पाणी पार गळून गेलं तर सेन्सरच्या टोकाशी पाणीच उरत नाही. काटा खाली येतो, आणि ऑपरेटरला वाटतं थंड झालं. तापलेलं मशीन एकाएकी 'थंड' दाखवायला लागलं तर ते सगळ्यांत वाईट लक्षणांपैकी एक आहे. बंद केल्यावर रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही. झाकणाच्या दाबामुळे आतलं पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही आणि झाकण सैल होताच एकदम उसळतं. आणि ओढ्यातलं गार पाणी तापल्या इंजिनावर ओतायचं नाही. हेडला तडा जायला तेवढं पुरतं.

हिवाळ्यात ऊन नसतं, तरी कारखान्याच्या आवारात मशीन तापतं. गळीत हंगामात वारणेपासून कृष्णेपर्यंतच्या साखर कारखान्यांत बगॅसचे डोंगर लोडरने सरकवले जातात. बगॅसचा भुसा इतका हलका की फॅन तो थेट ओढून घेतो. बऱ्याच मशीनमध्ये ऑईल कूलर पुढे आणि रेडिएटर मागे, किंवा उलट, अशा दोन जाळ्या एकमेकींना चिकटून असतात. बाहेरची जाळी रोज झाडून स्वच्छ दिसते आणि दोन्हींच्या मधल्या बोटभर फटीत भुशाचा नमदा बसलेला असतो. एका कारखान्याच्या यार्डात मी हा नमदा काढलेला बघितला. अख्ख्या घोंगडीसारखा सलग निघाला. ऑपरेटर दोन महिने ऑईल आणि फिल्टर बदलून थकला होता. उपाय साधा आहे. कूलर खोलून पुढे सरकवायचा आणि हवा ज्या दिशेने आत येते त्याच्या उलट दिशेने कॉम्प्रेसरची हवा मारायची. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर पातळ पत्र्याच्या पात्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते.

दिव्यांवरचा विश्वास उडायलाही एक कारण आहे. खोटा दिवा लागतो. वायर घासते, सेन्सर बिघडतो, आणि मग कोणीतरी दिव्यावर काळी टेप लावतं किंवा बझरची वायर तोडतं. तिसऱ्या मालकाच्या हातात आलेल्या मशीनवर हे सर्रास आढळतं. चावी 'ऑन'ला आणली, इंजिन सुरू न करता, तर दिवे दोन-तीन सेकंद लागून तपासणी होते. किटली आणि बॅटरी इंजिन सुरू होईपर्यंत पेटलेली राहतात. त्या वेळी किटली पेटलीच नाही, तर दिवा मेलेला आहे किंवा कापलेला आहे. असं मशीन आंधळं.

2021 पासून बांधकामाच्या मशीनना धुराचे नवे नियम लागले आणि बॅकहोवरही कॉमन रेलची इलेक्ट्रॉनिक इंजिनं आली. ही इंजिनं लाल दिव्याबरोबर स्वतःच ताकद कमी करतात, काही तर ठरावीक सेकंदांनी आपोआप बंद होतात. जेसीबीच्या लाईव्हलिंकसारख्या व्यवस्थेतून तो इशारा मालकाच्या मोबाईलवरही पोचतो. त्यामुळे 'मला दिसलंच नाही' हे आता दोघांनाही म्हणता येत नाही. तरीही ऑपरेटर बंद पडलेलं मशीन पुन्हा पुन्हा चावी मारून सुरू करतो, 'दिवा जातो का बघू' म्हणून. प्रत्येक वेळी ते काही सेकंद कोरडं फिरतं, आणि मशीनने जे वाचवलं होतं ते आपण घालवतो.

बंद केल्यावर पहिलं काम म्हणजे स्क्रीनवरचा कोड मोबाईलवर फोटो काढून ठेवणं. बऱ्याच मशीनवर तो असा दिसतो:

```
SPN 100  FMI 1
```

100 म्हणजे इंजिन ऑईल प्रेशर, आणि 1 म्हणजे अगदीच कमी, सगळ्यांत गंभीर पायरी. 110 आणि 0 असेल तर कूलंट फार तापलंय. 1638 आणि 0 असेल तर हायड्रोलिक ऑईल. एवढं फोनवर सांगितलं तरी मेकॅनिक काय घेऊन यायचं ते ठरवतो. ऑईल प्रेशरचा कोड असेल तर तो आधी पातळी बघतो, मग सेन्सर काढून त्या जागी साधा काट्याचा गेज बसवतो आणि इंजिन फक्त काही सेकंद फिरवतो. गेजवर तीन-साडेतीन बार आले तर बिघाड सेन्सरचा किंवा वायरचा, तासाभराचं काम. काटा जागचा हललाच नाही तर तिथूनच चेंबर खाली उतरवायचा, आणि मशीन ट्रेलरवर चढवायचं.